कुर्स्कचे भरकटलेले होकायंत्र : जमिनीखालचे लोखंड कसे सापडले?

१/ रशियाच्या नैर्ऋत्येला असलेल्या कुर्स्क प्रांतात होकायंत्राचा भरवसा धरता येत नाही. काही जागी त्याची सुई उत्तरेऐवजी पूर्वेकडे, तर क्वचित थेट दक्षिणेकडे वळते. खगोलशास्त्रज्ञ इनोखोद्त्सेव्ह यांनी अठराव्या शतकातच या विक्षेपाची नोंद केली होती. त्यामागचे कारण मात्र १९२३ साली हाती लागले.

२/ मॅग्नेटाइट हे लोहखनिज पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात स्वतःही चुंबक बनते, आणि त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळते. म्हणून ठिकठिकाणी सुईची दिशा, तिचा कल आणि क्षेत्राची तीव्रता मोजून नकाशा काढला, की जमीन न खणताही खालच्या खडकाची चाहूल लागते. अपेक्षित आणि प्रत्यक्ष मूल्यांतील या फरकाला 'चुंबकीय विसंगती' म्हणतात.

३/ १८९६ साली पॅरिसहून आलेल्या मूरो यांनी कुर्स्कमध्ये मोजमाप केले. त्यानंतर मॉस्को विद्यापीठाचे प्राध्यापक एर्न्स्ट लाइस्ट यांनी तेथे खाली लोहखनिज आहे असे ठामपणे सांगितले. त्यांच्या शब्दावर विसंबून प्रांताच्या स्थानिक मंडळाने वेधनासाठी पैसा उभारला. लाइस्ट यांनी सांगितलेली खोली ओलांडली, तरी लोखंड लागले नाही. जमीनदार संतापले, पैसा आटला आणि शास्त्रज्ञाची नाचक्की झाली.

४/ मोजमाप खरे असूनही अंदाज का फसावा? कारण या पद्धतीत एक मूलभूत संदिग्धता आहे. उथळ, पसरट खडक आणि खोलवरचा, अधिक चुंबकीय खडक हे दोन्ही पृष्ठभागावर जवळपास सारखीच विसंगती दाखवू शकतात. शिवाय चुंबकीय क्षेत्र तिरपे असल्याने विसंगतीचे शिखर नेमके खनिजाच्या डोक्यावर येईलच असे नाही. नकाशा 'येथे काहीतरी आहे' एवढे खात्रीने सांगतो. 'किती खोल' हे सांगण्यासाठी गृहीतके धरावी लागतात.

५/ लाइस्ट खचले नाहीत. सुट्ट्यांमध्ये, बव्हंशी स्वतःच्या बळावर, त्यांनी सुमारे साडेचार हजार ठिकाणी मोजमाप केले. १९१८ मध्ये ते उपचारांसाठी जर्मनीला गेले आणि तेथेच वारले. त्यांची कागदपत्रे तेथेच अडकली. पुढे ती मोठ्या रकमेच्या मोबदल्यात सोव्हिएत सरकारला देऊ करण्यात आली.

६/ सरकारने ती विकत घेण्याऐवजी सारे काम नव्याने करण्याचे ठरवले. भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र लाझारेव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९१९ च्या उन्हाळ्यात, यादवी युद्धाच्या धामधुमीत, पथके निघाली. पुढे भूवैज्ञानिक इव्हान गुबकिन यांच्या अध्यक्षतेखाली खास आयोग नेमण्यात आला.

७/ या वेळी चुंबकाच्या जोडीला दुसरा साक्षीदार आला : गुरुत्व. लोहयुक्त क्वार्ट्झाइटची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण ३.३ ते ३.५ ग्रॅम, तर आजूबाजूच्या बहुतेक खडकांची २.६ ते २.८. जड खडकावर गुरुत्व किंचित वाढते. ही वाढ अतिशय सूक्ष्म असते. हंगेरीच्या लोरांड ओत्व्होश यांनी त्यासाठी एक तराजू घडवला होता. त्यात बारीक तारेला आडवा दांडा टांगलेला असे आणि त्याची दोन वजने वेगवेगळ्या उंचीवर असत. खालच्या वस्तुमानाची ओढ दोन्ही वजनांवर जराशी निराळी पडली, की तारेला पीळ बसे. वारा आणि तापमान यांपासून जपण्यासाठी हे उपकरण आडोशात ठेवावे लागे, आणि एकेका ठिकाणी तासन्‌तास जात.

८/ गुरुत्वातही वरची संदिग्धता असतेच. परंतु चुंबकत्व आणि घनता हे खडकाचे दोन स्वतंत्र गुण आहेत. दोन्ही विसंगती एकाच पट्ट्यात आल्या, तर तेथे चुंबकीय आणि जड असा एकच खडक असण्याची शक्यता खूप वाढते, आणि कित्येक चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

९/ अखेरचा निवाडा मात्र वेधनाचाच. १९२१ मध्ये श्चिग्री गावाजवळ वेधन सुरू झाले. ७ एप्रिल १९२३ रोजी १६७ मीटर खोलीवरून मॅग्नेटाइटयुक्त क्वार्ट्झाइटचा तुकडा वर आला. लाइस्ट यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे होत आली होती.

१०/ तरीही कोडे पुरते सुटले नव्हते. हा क्वार्ट्झाइट लोहाच्या दृष्टीने तसा गरीब खडक. समृद्ध खनिज त्याच्या माथ्यावर, प्राचीन काळी झिजलेल्या थरात सापडते, आणि तेथे मॅग्नेटाइटचे बरेचसे रूपांतर हेमॅटाइटसारख्या क्षीण चुंबकीय खनिजात झालेले असते. म्हणजे सुई जेथे सर्वाधिक वळते, तेथेच सर्वांत उत्तम खनिज असेल असे नाही. समृद्ध थर जड असला तरी सुईला जवळजवळ अदृश्य, म्हणून तेथे गुरुत्वाच्या मोजमापाची मदत घ्यावी लागते. १९३० च्या दशकाच्या आरंभी असे समृद्ध खनिज स्तारी ओस्कोल परिसरात वेधनातून हाती आले आणि कुर्स्कच्या विसंगतीवर खाणी उभ्या राहू लागल्या.