अल्फा, थीटा, गॅमा आणि पुण्यातला एक निकाल

भिवंडीत राहायचं म्हणजे पावरलूमच्या खडखडाटाची सवय हवीच. टेमघरला आमच्या गॅलरीत उभं राहिलं की लांबचा तो आवाज रात्री स्पष्ट येतो. नुसत्या आवाजावरून बरंच काही कळतं. कारखाना चालू आहे की बंद, लाईट गेली का, आज निम्मेच लूम चालू आहेत का. पण आत साडी विणली जातेय की अस्तराचं कापड, आणि त्याचा रंग कोणता, हे मात्र भिंतीला कितीही कान लावला तरी कळणार नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे २००८ साली पुण्यात लागलेला एक निकाल. त्यात मेंदूच्या भिंतीला कान लावून कापडाचा रंग सांगितला गेला होता. पण आधी थोडं मागे जाऊया.

हान्स बर्गर हा जर्मनीतल्या येना गावचा मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाडीखाली चिरडता चिरडता वाचला. त्याच दिवशी लांब राहणाऱ्या त्याच्या बहिणीला काहीतरी विपरीत घडल्यासारखं वाटलं आणि घरून तार आली. विचार एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत जातात अशी त्याची खात्री पटली आणि ती ऊर्जा शोधण्यात त्याने आयुष्य घालवलं. टेलिपथी काही सापडली नाही. पण १९२४ साली त्याला माणसाच्या डोक्यावरून विजेची नोंद घेता आली. ती त्याने १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. हाच तो ईईजी.

डोळे मिटले की सेकंदाला साधारण १० वेळा वरखाली होणारी छान लाट दिसायची आणि डोळे उघडले की ती विरून जायची. बर्गरने तिला अल्फा म्हटलं. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला. म्हणजे या विषयाचा जन्मच मुळी नोंदीतून जास्तीचं वाचण्याच्या हौसेतून झालाय :-)

आता या लाटांचा अर्थ काय? अल्फा म्हणजे ८ ते १३ हर्ट्झ. बरीच वर्षं समज असा होता की अल्फा म्हणजे मेंदू आरामात, इंजिन न्यूट्रलमध्ये. पुढे दिसलं की एखादा नंबर मनात धरून ठेवायला सांगितला तर अल्फा उलट वाढू शकतो. म्हणजे नको असलेली माहिती अडवण्याच्या कामातही तो असावा. थीटा, म्हणजे ४ ते ७ हर्ट्झ, हे नाव १९४४ मध्ये वॉल्टर आणि डोव्ही यांनी ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांच्या नोंदी पाहताना दिलं. पेंग आली की थीटा वाढतो. आणि मन लावून तोंडी हिशोब करतानाही कपाळामागे मधोमध थीटा वाढतो! आता नुसता थीटा दाखवून कोणी विचारलं की हा माणूस पेंगतोय की गणित करतोय, तर काय सांगणार?

गॅमाचं प्रकरण आणखी अवघड आहे. १९८९ मध्ये ग्रे आणि सिंगर वगैरे मंडळींना मांजराच्या मेंदूत ४० हर्ट्झच्या आसपास पेशी एका तालात चालताना दिसल्या. वस्तूचे तुकडे जोडून एक चित्र करणारा ताल हाच, अशी कल्पना त्यातून पुढे आली. पण तिथे इलेक्ट्रोड मेंदूच्या आत होते. माणसात आपण कवटीच्या बाहेरून ऐकतो आणि तिथे जबड्याचे, कपाळाचे स्नायूसुद्धा याच पट्ट्यात बोलतात. २००७ साली ऑस्ट्रेलियात काही स्वयंसेवकांना औषधाने स्नायू पूर्ण लुळे करून तपासलं, तर २० हर्ट्झच्या वरचा बराचसा सिग्नल गायबच झाला. म्हणजे तो मुळात स्नायूंचा होता. पुढच्याच वर्षी दिसलं की चित्र पाहताना येणारी गॅमाची एक प्रसिद्ध उसळीसुद्धा डोळ्यांच्या बारीक हालचालींतून येऊ शकते. गॅमा खोटा आहे असं नाही, पण डोक्यावरून मोजलेला गॅमा आधी स्नायू आणि डोळे यांच्यापासून वेगळा करून दाखवावा लागतो.

आता पुणे. एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याला प्रसादातून आर्सेनिक दिलं असा आरोप एमबीए शिकणाऱ्या एका मुलीवर आणि तिच्या साथीदारावर होता. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिची ‘बीईओएस’ चाचणी झाली. मेंदूतल्या विद्युत दोलनांच्या खुणा शोधणारी ही पद्धत आपल्याकडेच, चंपादी रामन मुकुंदन यांनी बनवलेली. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कानावर ‘मी अमुक विकत घेतलं’, ‘मी अमुक ठिकाणी गेले’ अशी वाक्यं पडतात आणि सॉफ्टवेअर ठरवतं की हे नुसतं माहीत आहे की प्रत्यक्ष अनुभवलेलं आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. निकालात इतर पुरावेही होते, पण या चाचणीचाही आधार घेतला होता. जगभर त्याची बातमी झाली.

घोळ कुठे आहे? ‘अनुभव आठवला की अमुक बदल होतो’ हे खरं धरलं, तरी ‘अमुक बदल झाला म्हणजे अनुभव होता’ हे त्यातून निघत नाही. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, पण ओला रस्ता टँकरमुळेही असतो. संशयिताने पोलिसांच्या तोंडून ती हकीकत दहादा ऐकलेली असते. ती तिने मनात रंगवलेलीही असते. भीती असते, दातओठ आवळलेले असतात. हे सगळं त्याच नोंदीत मिसळतं.

आणि समजा चाचणी १०० पैकी ९० वेळा बरोबर येते (हा आकडा फक्त हिशोबासाठी धरलाय). संशयित २०, त्यातला गुन्हेगार १. गुन्हेगार बहुतेक सापडेल. पण उरलेल्या १९ पैकी साधारण २ निर्दोषही पकडले जातील. म्हणजे मशीनने बोट दाखवलेल्या तिघांपैकी एकच खरा! जन्मठेपेसाठी हे पुरेसं आहे का? शिवाय ९० हा आकडासुद्धा कोणीतरी बाहेरच्याने तपासून द्यायला हवा ना. तशी स्वतंत्र पडताळणी तेव्हा प्रसिद्ध झालेलीच नव्हती. त्याच वर्षी बंगलोरच्या निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या समितीनेही ही पद्धत कोर्टात पुरावा म्हणून वापरू नये असंच सांगितलं.

नंतर मुंबई उच्च न्यायालयाने दोघांनाही जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग कोणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा होत नाही. त्यातून पुढे काही वस्तू किंवा माहिती खरोखर हाती लागली, तर तेवढीच ग्राह्य. म्हणजे पोलिसांना तपासासाठी दार थोडं उघडं राहिलंच.

म्हणून ‘थीटा वाढला म्हणजे आठवण’, ‘गॅमा आला म्हणजे जाणीव’ असं वाक्य कुठे दिसलं की मी दोनच प्रश्न विचारतो. आणखी कशाने हीच लाट आली असती? आणि ते वगळलं कसं? उत्तर मिळेपर्यंत आपलं म्हणणं एवढंच, की लूम चालू आहेत. कापडाचा रंग आत जाऊन बघावा लागेल.