दिलेलं आवतण परत घेताना…



लग्नसराईच्या तोंडावर आज एका जरा नाजूक गोष्टीविषयी लिहितो. आमंत्रण देणं सोपं आहे. दिलेल्या आमंत्रणात नंतर एखादं नाव घालायचं किंवा काढायचं झालं, की भल्याभल्यांची तारांबळ उडते. आपल्या चिटगुप्प्याच्या बाजूला जुन्या लोकांनी यावर काही रीत बसवली होती. ती मोडली की काय होतं, हे 2019 साली अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. दोन्ही गोष्टी एकत्र मांडतो.

आधी आपली रीत. आमच्या लहानपणी पत्रिका असायची, पण ती परगावच्या पाहुण्यांसाठी. गावात आवतण तोंडीच. सांगणारा दारात उभा राहून काय म्हणतो, यावर सगळं अवलंबून. "घरटी एक" म्हणाला तर घरातला एक माणूस जेवायला. "चूलबंद" म्हणाला तर म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे, त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. सवाष्ण म्हणून बोलवायचं असेल तर घरातली बाई जाऊन नावानं सांगायची आणि कुंकू लावून यायची.

यात एक शहाणपण दडलेलं होतं. तोंडी आवतणात बहुतेक वेळा माणसाचं नाव नसेच, घराचं माप असे. त्यामुळे कमी करायची वेळ आली तर माप बदलायचं, माणूस नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे ज्वारीचे वांधे होते. तेव्हा ज्यांनी आधी चूलबंद सांगितलं होतं, त्यांनी भावकीतल्या सगळ्या घरांना पुन्हा निरोप धाडला की साल बेताचं आहे, घरटी एक या. एकाही घराला "तुम्ही येऊ नका" असं ऐकावं लागलं नाही. कमी झाले ते सगळेच सारखे झाले, मग रुसायचं कुणी आणि कुणावर?

यात दोन अटी होत्या, त्या विसरू नका. पहिली, नवा निरोप सगळ्या घरांना जायचा, निवडक घरांना नाही. दुसरी, तो निरोप ज्यानं पहिलं आवतण दिलं त्यानंच द्यायचा किंवा घरातल्या त्याच्याहून मोठ्या माणसानं. धाकट्या पोराला पाठवून माप कमी केलं तर तो अपमान समजला जाई.

आता यवतमाळ. 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं 11 ते 13 जानेवारी 2019 ला भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्या लिहितात इंग्रजीत, पण वडील रणजित पंडित मराठी, 'राजतरंगिणी' इंग्रजीत आणणारे. आई विजयालक्ष्मी पंडित. वय तेव्हा 91. 2015 मध्ये त्यांनी साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता. त्यांनी आमंत्रण स्वीकारलं आणि भाषण लिहून तयार ठेवलं.

मग स्थानिक पातळीवरून विरोध सुरू झाला. मराठी संमेलनाचं उद्घाटन इंग्रजी लेखिकेच्या हस्ते नको, म्हणून संमेलन उधळण्याचा इशारा मिळाला. आयोजक घाबरले आणि संमेलनाला जेमतेम पाच दिवस उरले असताना बाईंना ईमेल गेला की आपण येऊ नये. पुढं ज्या पक्षाच्या स्थानिक मंडळींचा विरोध होता, त्या मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनीच जाहीर केलं की त्यांना व्यक्तिशः हरकत नाही, आणि दिलगिरीही व्यक्त केली. म्हणजे ज्या कारणासाठी नाव काढलं ते कारण उरलं नाही, पण निरोप जाऊन बसला होता.

मी इथं राजकारणाच्या बाजूनं काही म्हणत नाही. फक्त आमंत्रणाच्या रीतीनं बघा. एक, माप बदललं नाही, नेमका एक माणूस काढला. दोन, त्या माणसानं होकार दिल्यावर आणि गावभर जाहीर झाल्यावर काढला. आपल्याकडे सुपारी फुटल्यावर बोलणी फिरवत नाहीत, त्यातलाच प्रकार. तीन, 91 वर्षांच्या बाईंना कुणी मोठ्या माणसानं जाऊन भेटणं राहिलं बाजूला, कागद गेला तोही ईमेलचा. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या लग्नाला यजमान दोन होते. एक यवतमाळची स्थानिक आयोजक मंडळी, दुसरं साहित्य महामंडळ. तो निरोप नेमका कुणाच्या सांगण्यावरून गेला, यावरच पुढं वाद झाला. दोन यजमान असले आणि यादी कुणाच्या हातात हे ठरलेलं नसलं, की बोलावतात दोघं आणि निस्तरायला कुणीच नसतं.

परिणाम काय झाला? काढायचं होतं एक नाव, पण बाकीची नावं आपणहून गळू लागली. कितीतरी निमंत्रित लेखक-कवींनी "मग आम्हीही येत नाही" म्हणून कळवलं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी संमेलनाआधीच राजीनामा दिला. त्यांची जबाबदारी हैदराबादच्या विद्या देवधर यांच्याकडे आली. संमेलनाध्यक्ष अरुणाताईंनी व्यासपीठावरूनच झालेल्या प्रकाराबद्दल नापसंती बोलून दाखवली. आणि जे भाषण मांडवात काही हजारांनी ऐकलं असतं, ते मराठीत होऊन घरोघरी वाचलं गेलं. जाहीर आमंत्रणातून काढलेला माणूस हजर माणसापेक्षा जास्त दिसतो, तो असा.

आता रिकाम्या जागी दुसरं नाव घालायचं होतं. ही आणखी अवघड गोष्ट. उशिरा बोलावलेल्याला वाटतं की आपण भरतीचे. आयोजकांनी बोलावलं वैशाली येडे यांना. यवतमाळ जिल्ह्यातल्याच, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, शेतकरी विधवांचं जगणं मांडणाऱ्या 'तेरवं' या नाटकात काम केलेल्या. बाई साध्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत बोलल्या आणि लोकांनी मन लावून ऐकलं. ही निवड उभी राहिली, कारण त्यांना बोलावण्याला स्वतःचं कारण होतं. जिल्ह्याचं दुखणं त्या जिल्ह्याच्याच बाईनं सांगावं, हे सहगल बाई येणार असत्या तरी शोभलं असतं.

तिथंच मला वाटतं, सुटायची वाटही होती. दोघींच्या हस्ते उद्घाटन ठेवायचं. आपल्याकडे मान कमी करता येत नसेल तर शेजारी दुसरा मान मांडतात. व्याह्याला एक फेटा आणि गावच्या पाटलालाही एक फेटा. पहिल्याचा फेटा उतरवून दुसऱ्याला बांधत नाहीत.

याच्या नेमकं उलटं उदाहरण पुढच्याच वर्षी घडलं. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला सरकारी आदेश आला की लग्नाला 50 पेक्षा जास्त माणसं नकोत. आपल्या नात्यातल्या एका घरी मेमध्ये लग्न होतं आणि 500 पत्रिका वाटून झाल्या होत्या. म्हणजे बहुतेक घरांचं आवतण परत घ्यायचं! पण त्या यजमानांनी जुनीच रीत वापरली. आधी नवरा-नवरीच्या घरचे, आजोळ आणि आत्या-मावश्या मोजल्या. आकडा 38 झाला. मग ठरवलं की या मापाच्या बाहेर एकही माणूस नाही, ना घरचा डॉक्टर, ना जिवलग मित्र. उरलेल्या 12 जागा भटजी, आचारी, वाजंत्री, फोटोवाला यांना गेल्या.

त्यानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांनी तीन दिवस फोन केले, वयानं सगळ्यात मोठ्यांपासून सुरुवात करून. फोनवर "येऊ नका" हे शब्दच नव्हते. सांगायचे ते असं: "काका, घरातलीच माणसं आहेत, सरकारचा हुकूम. मुहूर्त 12:20 चा आहे, तेवढ्या वेळी घरूनच चार अक्षता टाका." फोन झाल्यावर मग सगळ्यांना एकच लेखी निरोप गेला, शब्दानं शब्द तोच. कुणी रुसलं नाही. बारा नंबरच्या मित्राला बोलावून तेराव्याला टाळलं असतं, तर आजही बोलणं बंद असतं.

नाव वाढवायची रीत याहून वेगळी. काढताना सगळ्यांना सारखं, वाढवताना मात्र एकट्याकडे स्वतः जायचं. आपल्याकडे यात भाषेचाही घोळ असतो. 1956 ला बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. म्हणून एकाच लग्नाची पत्रिका मराठीत आणि कानडीत छापतात. एका घरी मराठी पत्रिकेत निमंत्रकांमध्ये थोरल्या जावयाचं नाव होतं, कानडीत राहून गेलं. 120 पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आलं. कुणी म्हणालं चिठ्ठी चिकटवा. पण चिकटवलेलं नाव ओरडून सांगतं की हे विसरले होते. शिवाय वाटलेल्या पत्रिका काही परत येत नाहीत.

यजमान शहाणा. उरलेल्या कानडी पत्रिका नव्यानं छापल्या. आणि ज्यांना जुनी गेली होती, त्यांना हळदीच्या कार्यक्रमाचं छोटं वेगळं कार्ड पाठवलं, त्यात निमंत्रक म्हणून त्या जावयाचं नाव सगळ्यात वर. सासरे स्वतः पहिलं कार्ड आणि नारळ घेऊन जावयाच्या दारी गेले आणि झालं ते सरळ सांगितलं. जावयानंच पुढं हळदीचा सगळा खर्च उचलला!

आता मोबाईलवर पत्रिका फिरते, तेव्हा घोळ आणखी सोपा झाला आहे. सुधारलेली पत्रिका टाकली तरी जुनी दहा गटांत फिरतच राहते. यावर बँकेतला नियम चालतो. खातेवहीत चुकीची रक्कम खोडत नसत, उलटी नोंद घालून खाली सही करत. तसं नव्या पत्रिकेवर "सुधारित" आणि तारीख घालावी, जुनी ज्यांना गेली त्या प्रत्येकाला ती पाठवावी आणि यादी एकाच माणसाच्या हातात ठेवावी. कुणाला कधी आणि कुणी सांगितलं, हे नावासमोर लिहिलेलं असावं. दोन्ही घरची मिळून एकच यादी असली, तर कुणाला दोनदा निरोप जात नाही आणि कुणाचा राहत नाही.

तुमच्या गावाकडे आवतणाचं माप सांगायला कोणते शब्द होते, आणि दिलेलं आवतण फिरवायची वेळ कुणावर आली होती का, ते खाली जरूर लिहा. "चूलबंद" हा शब्द तर आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो.