फुंकरीचं मीटर: घरचं खरं की दवाखान्यातलं?

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या एक दमेकरी काकू आपलं फुंकर मारायचं मीटर, म्हणजे पीक फ्लो मीटर, पिशवीत घालून आल्या. "डॉक्टर, घरी साडेतीनशे येतं आणि तुमच्याकडे तीनशे. नक्की धरायचं काय?" दोन्ही मीटरवर पुन्हा फुंकायला लावलं, तरी फरक तेवढाच. या प्रश्नाला एक छान इतिहास आहे, तो आज सांगतो.

जोरात फुंकल्यावर हवा सर्वाधिक किती वेगाने बाहेर पडते, ते हे मीटर मिनिटाला इतके लिटर असं सांगतं. ब्रिटनमध्ये बी. एम. राइट यांनी १९५९ साली असं पहिलं मीटर जगापुढे मांडलं. ते मोठं, दवाखान्यात ठेवायचं यंत्र होतं. सत्तरच्या दशकात त्यांनीच पिशवीत मावणारं 'मिनी राइट' काढलं. मग प्रश्न आला की छोटं मीटर मोठ्याच्या जागी चालेल का?

तेव्हाची रीत अशी होती की दोन्ही यंत्रांच्या आकड्यांमधला सहसंबंध काढायचा आणि तो १ च्या जवळ आला की यंत्र पास. लंडनचे संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड आणि डग्लस आल्टमन यांना हे पटेना. समजा, छोटं मीटर प्रत्येक वेळी बरोबर दुप्पट आकडा दाखवतंय. तरी सहसंबंध पूर्ण १ येईल! त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हेच दाखवलं. त्यासाठी ब्लँड यांनी आपले सहकारी आणि घरची माणसं मिळून १७ जणांना दोन्ही मीटरवर फुंकायला लावलं होतं. (आमच्या धंद्यात घरचे लोक नेहमीच असे सापडतात.)

सहसंबंध आला ०.९४, म्हणजे जुन्या रीतीने उत्तम. सरासरी फरकही जेमतेम २ लिटर. पण ब्लँड-आल्टमन यांनी प्रत्येक माणसाचा फरक वेगळा पाहिला. आलेखात आडव्या रेषेवर त्या माणसाच्या दोन आकड्यांची सरासरी आणि उभ्या रेषेवर दोन आकड्यांमधला फरक, इतकं साधं. यंत्रं जुळत असतील तर सगळे ठिपके शून्याच्या रेषेला चिकटून बसायला हवेत. इथे ते वरखाली विखुरले होते. हिशेब केला तर छोटं मीटर मोठ्यापेक्षा सुमारे ८० ने जास्त किंवा ७६ ने कमी दाखवू शकतं असं निघालं. काहींचे अधिक, काहींचे उणे, म्हणून सरासरीत फरक नाहीसा झाला होता.

त्यातला पंधराव्या क्रमांकाचा माणूस माझ्या लक्षात राहिला आहे. मोठ्या मीटरवर १७८, छोट्यावर २५९. निरोगी माणसाचं सहाशेच्या आसपास असताना ८० चा फरक खपून जाईल. पण ज्याचं १७८ आहे त्याला २५९ सांगितलं, तर इस्पितळात पाठवायचा माणूस घरी जाऊ शकतो. म्हणून फरक मापाच्या सगळ्या टप्प्यांवर पाहावा लागतो. आणि दोष नेहमी जुळण्याचाच नसतो. सातव्या माणसाने छोट्या मीटरवर दोनदा फुंकलं तेव्हा ३६४ आणि ४६० आले. जे मीटर स्वतःशीच जुळत नाही, ते दुसऱ्याशी काय जुळणार?

या तुलनेला एक मर्यादा होती. दोन्ही मीटर राइट यांच्याच मापपट्टीवर बेतलेली होती. पट्टीच चुकीची असेल तर दोघं मिळून चुकतील आणि आलेखाला त्याचा पत्ता लागणार नाही. झालंही तसंच. नव्वदच्या दशकात संगणकाने चालवलेल्या पंपातून नेमक्या वेगाची हवा सोडून प्रयोगशाळेत मीटर तपासली गेली. तेव्हा दिसलं की राइट पट्टी दोन्ही टोकांना ठीक, पण मधल्या पट्ट्यात बरंच जास्त दाखवते. म्हणजे फरकाच्या आलेखात ठिपक्यांची सपाट ओळ न येता मध्ये कुबड आलं. हे कुबड सरासरी फरकाच्या एका आकड्यात कधीच दिसलं नसतं. २००४ साली ब्रिटनने युरोपीय पट्टी स्वीकारली.

आता काकूंकडे येऊ. त्यांचं मीटर जुन्या राइट पट्टीचं निघालं, माझं युरोपीय पट्टीचं. साडेतीनशेच्या आसपास या दोन पट्ट्यांत साधारण पन्नासचा फरक पडतोच. काकूंच्या वहीत, बरं असतानाचा त्यांचा सर्वोत्तम आकडा ४३० होता, अर्थात घरच्या मीटरवरचा. त्या हिशेबाने ३५० म्हणजे ८१ टक्के, हिरव्या पट्ट्यात. मी माझ्या मीटरचे ३०० त्याच ४३० शी ताडून पाहिले असते तर ७० टक्के आले असते, म्हणजे पिवळा पट्टा, आणि कदाचित विनाकारण औषध वाढवलं असतं.

औषध तेच ठेवलं. वहीच्या पहिल्या पानावर मीटरचं नाव आणि 'जुनी पट्टी' असं लिहून दिलं, आणि पुढच्या वेळीही हेच मीटर सोबत आणायला सांगितलं.