शिवजन्माचे पंचांग

जेधे शकावलीतील शिवजन्माची नोंद अभ्यासकांच्या परिचयाची आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. त्यापुढे हस्त नक्षत्र १८ घटी ३१ पळे आणि गंड योग ५ घटी ७ पळे असेही आकडे आहेत. ते मात्र वाचक सहसा ओलांडून जातो. वस्तुतः नोंदीची खरी परीक्षा तेथेच होते.

प्रथम वार पाहू. फलिताच्या दृष्टीने वार म्हणजे दिवसाचा स्वामी, येथे शुक्र, एवढेच. कालनिर्णयात मात्र त्याचे मोल फार मोठे. पंडित मिठालाल व्यास यांच्याकडे आढळलेल्या जोधपूरच्या कुंडलीत संवत १६८६, फाल्गुन वदि तृतीया, शुक्रवार, सूर्योदयापासून ३० घटी ९ पळे असा जन्मकाळ आहे. उत्तरेकडील महिना पौर्णिमान्त. त्या रीतीने ही तिथी एक महिना अलीकडे, आपल्या माघ वद्यात जाईल. पण तेथे तृतीयेस शुक्रवार पडत नाही आणि सूर्य मकरेत येतो. कुंडलीत तर तो कुंभेत आहे. म्हणजे महिना आपलाच, अमान्त फाल्गुन. जुन्या इंग्रजी गणनेने ही तारीख १९ फेब्रुवारी १६३० होय.

आता योग. सूर्य आणि चंद्र यांच्या राशिअंशांची बेरीज करून तिचे सत्तावीस भाग केले की योग मिळतो. शकावलीचे आकडे सूर्योदयापासून ते अंग किती वेळ राहिले हे सांगतात. त्या शुक्रवारी सूर्य कुंभेच्या तेविसाव्या अंशाच्या आसपास होता. हस्त साडेअठरा घटींनी संपतो, यावरून उदयकाळचा चंद्र काढला, तर गंड सहा-साडेसहा घटी उरतो. जुन्या स्थूल गणिताचा विचार करता पाच घटींची नोंद याच्याशी चांगलीच जुळते. हा मेळ मागाहून रचलेल्या तिथीत सहज साधत नाही.

परंतु येथेच फलज्योतिषी चुकतो. दिवसाच्या नोंदीतला गंड तो जन्माचा योग समजतो, आणि गंड अशुभांत मोडत असल्याने त्याची पंचाईत होते. जोधपूरचा सायंकाळ खरा मानला, तर तोवर गंड केव्हाच सरून वृद्धियोग लागला होता, आणि हस्तही संपून चित्रा आली होती. चंद्र मात्र कन्येतच राहतो.

तिथी तृतीयाच राहते. ती जया गटातली, पराक्रमाला अनुकूल मानलेली. पण तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण, आणि वद्य तृतीयेच्या उत्तरार्धात विष्टी, म्हणजेच भद्रा असते. चंद्र-सूर्यांतील अंतर त्या दिवशी सुमारे सोळा घटींनी या उत्तरार्धात शिरते. सायंकाळचा जन्म तिच्यातच पडतो. भद्रा शुभकार्यास वर्ज्य. शकावलीत करण दिलेले नाही.