क्रिएटिनिन निष्कासन व अंदाजित ग्लोमेरुलर गाळणदर
रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा काढलेला अंदाज. जेऊरचा (जि. सोलापूर) ७० वर्षांचा, ४५ किलो वजनाचा, १५५ सेंमी. उंचीचा शेतमजूर कल्पू, क्रिएटिनिन १.२ मिग्रॅ./डेलि. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने (१९७६):

```
(140 − 70) × 45 ÷ (72 × 1.2) ≈ 36
```

म्हणजे मिनिटाला ३६ मिलि.; स्त्रियांसाठी ०.८५ने गुणतात. सीकेडी-ईपीआय (२०२१) सूत्र मात्र ६५ दाखवते. हा आकडा १.७३ चौ.मी. शरीरपृष्ठासाठी असतो, या मजुराच्या सुमारे १.३९ चौ.मी. पृष्ठासाठी तो ५२ होतो. मूळ सीकेडी-ईपीआय सूत्रात वजन धरलेलेच नसते. स्नायू झिजलेल्या माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, म्हणून ५२ हाही फसवा दिलासा ठरू शकतो. औषधाची मात्रा ठरवताना अशा वेळी सिस्टॅटिन-सी तपासणे इष्ट. उलट्या-जुलाबांनंतर क्रिएटिनिन रोज चढत असेल, तर दोन्ही सूत्रे निरुपयोगी.