सिरसाळा परिसरातील विज्ञान-विद्यार्थी आणि द्विभाषिक परिभाषा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
सिरसाळा हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील गाव. येथील विद्यार्थी घरी मराठी बोलतो, शालेय शिक्षणाचा बराचसा भाग मराठीत घेतो आणि अकरावीच्या विज्ञान शाखेत गेल्यावर मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित इंग्रजीतून शिकू लागतो. व्याख्यान इंग्रजीत ऐकले, उत्तर इंग्रजीत लिहिले, तरी मधला विचार मराठीतच चालतो. या दोन टोकांना जोडणारे साधन म्हणजे द्विभाषिक परिभाषा-कोश. असे कोश मराठीत झालेले आहेत. परंतु ते कोणासाठी आणि कोणत्या हेतूने झाले, हे पाहिल्याशिवाय आजच्या विद्यार्थ्याला ते अपुरे का पडतात हे उमगत नाही. प्रस्तुत निबंधात मराठवाड्याच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

उस्मानिया विद्यापीठाचा प्रयोग :
बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १९१७ मध्ये भाषांतर विभाग, म्हणजे 'दार-उल-तर्जुमा', स्थापन झाला आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी न ठेवता उर्दू ठेवायचे, असा हा धाडसी निर्णय होता. त्यासाठी पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराआधी पारिभाषिक शब्द ठरविणे भाग होते. भाषांतर विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक होते. शब्दनिर्मितीच्या समित्यांत विषयतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ एकत्र बसत. शब्द केवळ अरबीतून घ्यावेत की उर्दूच्या प्रकृतीनुसार घडवावेत, हा त्या काळचा मुख्य वाद होता. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वज़-ए-इस्तलाहात' या ग्रंथात दुसऱ्या बाजूचा पुरस्कार केला.

मराठी भाषकांच्या दृष्टीने मात्र या प्रयोगात एक मूलभूत विसंगती होती. देशी भाषेतून शिक्षण हे तत्त्व मान्य झाले. परंतु जी देशी भाषा निवडली गेली ती बीड, परभणी वा नांदेडच्या खेड्यातील मुलाची मातृभाषा नव्हती. त्याच्यासाठी उर्दू ही इंग्रजीसारखीच शिकून घ्यावी लागणारी भाषा होती. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम पुन्हा इंग्रजीकडे वळले आणि तीन दशकांच्या श्रमातून घडलेली परिभाषा मराठवाड्यापुरती निरुपयोगी ठरली. परिभाषा शब्दांच्या गुणवत्तेवर जगत नाही, ती वापरणाऱ्या वर्गावर जगते, हा या प्रयोगाचा धडा होय.

महाराष्ट्र राज्यातील परिभाषा-कार्य :
१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालयाची स्थापना झाली. राज्यकारभार मराठीतून चालविणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट असल्याने आरंभी पदनामे व शासनव्यवहाराची परिभाषा हाती घेण्यात आली. त्यानंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितशास्त्र आदी विषयांचे स्वतंत्र परिभाषा कोश निघाले. विश्वकोशाच्या कामातूनही १९७३ मध्ये 'परिभाषा संग्रह' हा खंड प्रसिद्ध झाला.

या कोशांमागे एक गृहीत होते. विद्यापीठीय शिक्षण लवकरच मराठीतून होईल, तेव्हा प्राध्यापकाला व ग्रंथकाराला मराठीत लिहिण्यासाठी शब्द हवेत, हे ते गृहीत. म्हणून कोशाची मांडणी इंग्रजी वर्णक्रमाने शब्द आणि त्यापुढे मराठी पर्याय अशी राहिली. व्याख्या सहसा नाही, वापराचे उदाहरण नाही. ज्याला संकल्पना आधीच ठाऊक आहे, त्याला एवढे पुरते. प्रत्यक्षात विज्ञानाचे माध्यम इंग्रजीच राहिले आणि कोशाची गरज लिहिणाऱ्याऐवजी शिकणाऱ्याला अधिक भासू लागली. त्याच्यापाशी शब्दही नाही आणि संकल्पनाही नाही.

एका शब्दाचे उदाहरण :
'पॉवर' हा शब्द पाहावा. भौतिकशास्त्रात त्याला 'शक्ती', गणितात 'घात' आणि प्रशासनात 'अधिकार' असे पर्याय आहेत. विषयवार कोश वेगवेगळे असल्याने हे तीनही अर्थ विद्यार्थ्याला एका ठिकाणी दिसत नाहीत. यापेक्षा गंभीर अडचण 'शक्ती' या शब्दातच आहे. बोलीत शक्ती, ताकद, जोर हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. भौतिकशास्त्रात मात्र बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन भिन्न राशी आहेत. उर्दू परिभाषेने त्यांच्यासाठी अनुक्रमे कुव्वत, तवानाई व ताकत असे तीन शब्द योजले. परंतु मराठवाड्याच्या बोलीत रुळलेल्या 'ताकद' या शब्दात ही सीमा उरलेली नाही.

परिणामी 'बॅटरीत पॉवर साठवलेली असते' असे वाक्य विद्यार्थी इंग्रजीत निःशंकपणे लिहितो. चूक इंग्रजीची नाही. मराठीतील 'शक्ती साठवणे' तेथे जसेच्या तसे उतरले आहे. ती ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे एकक विचारणे. साठवलेल्या राशीचे एकक ज्यूल आहे, वॅट नव्हे, हे ध्यानात येताच ती ऊर्जा असल्याचे उघड होते.

हा भेद समजावण्यासाठी सिरसाळ्याच्या विद्यार्थ्याला दूरचे उदाहरण नको. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची सुरुवात १९७१ मध्ये ३० मेगावॅटच्या संचाने झाली. पुढे तेथे २५० मेगावॅटचे संच उभे राहिले. २५० मेगावॅट ही संचाची शक्ती, म्हणजे ऊर्जा देण्याचा दर. तो संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला तर २,५०,००० किलोवॅट-तास, म्हणजे तितकेच 'युनिट', इतकी ऊर्जा मिळते. घरच्या वीजबिलावर जे युनिट येते ते ऊर्जेचे. केंद्राच्या फलकावर जे मेगावॅट लिहिले जाते ते शक्तीचे. दर आणि साठा यांतील हा फरक मराठीत एकदा पटला, की इंग्रजी शब्द आपोआप योग्य जागी बसतो.

अशीच गुंतागुंत उलट दिशेनेही आढळते. गणितात 'सोल्यूशन' म्हणजे उकल, रसायनशास्त्रात द्रावण. 'सेल' जीवशास्त्रात पेशी, विद्युतशास्त्रात घट. येथे मराठी पर्याय इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट आहेत, कारण एका इंग्रजी शब्दातील दोन अर्थ ते वेगळे करतात. याउलट 'वर्क' आणि जीवशास्त्रातील 'फंक्शन' या दोहोंसाठी 'कार्य' हा एकच शब्द येतो, तेथे मराठीच संदिग्ध ठरते.

कोशाच्या रचनेविषयी :
वरील विवेचनावरून शिकणाऱ्याच्या कोशातील नोंद कशी असावी, हे स्पष्ट होते. देवनागरी उच्चारासह इंग्रजी शब्द, विषयानुसार अर्थ, मान्य मराठी पर्याय, एका वाक्याची मराठी व्याख्या, एकक आणि ज्या बोलीशब्दाशी गोंधळ होतो त्याची सूचना, ही सहा अंगे त्यात हवीत. शेवटचे अंग प्रचलित कोशांत सहसा आढळत नाही आणि ते मंडळात बसून ठरविताही येत नाही. उत्तरपत्रिकांतील चुका गोळा करूनच ते भरता येते. या पद्धतीला मर्यादाही आहे. सेंद्रिय रसायनातील संयुगांची नावे किंवा जीवशास्त्रातील द्विनाम यांना मराठी पर्याय शोधणे व्यर्थ होय. बोलीतील अर्थ जेथे संकल्पनेच्या आड येतो, अशा शब्दांपुरताच असा कोश मर्यादित ठेवणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :
उस्मानियाच्या परिभाषेला शासनाचा आश्रय होता. पण मराठी विद्यार्थ्याची भाषा त्यात नव्हती. महाराष्ट्राच्या परिभाषेत त्याची भाषा आली. पण ती शिकणाऱ्यासाठी नव्हे, लिहिणाऱ्यासाठी रचली गेली. मराठीत विचार करून इंग्रजीत उत्तर लिहिणारा विद्यार्थी या दोन्ही प्रयत्नांच्या कक्षेबाहेर राहिला. त्याच्यासाठीच्या कोशाची सामग्री ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांसमोर दर परीक्षेत येते. तिची विषयवार नोंद ठेवणे ही त्या कोशाची पहिली पायरी होय.