शोधनिकालातील शीर्षक

शोधयंत्राच्या निकालात पानाच्या दुव्यावर ठळक दिसणारी ओळ. गूगल ती बहुतेक वेळा पानाच्या `<title>` या घटकातून घेते. हा घटक किती लांब असावा याला गूगलने मर्यादा घातलेली नाही; मात्र निकालात पडद्यावर मावेल तेवढेच दिसते आणि पुढे तीन टिंबे येतात. संगणकावर ही जागा ढोबळमानाने 600 पिक्सेल भरते. इंग्रजीत तेवढ्यात 50 ते 60 अक्षरे बसतात, असा ठोकताळा आहे.

मराठीत अक्षरे मोजून भागत नाही. संगणकाच्या मोजणीत काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. 'कुठे' आणि 'राजा' या दोन्ही शब्दांत चारचारच चिन्हे आहेत. पण 'कुठे'चा उकार खाली आणि मात्रा वर जाते, तर 'राजा'चे दोन्ही काने आडवी जागा खातात. म्हणून रुंदीच मोजावी. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ती अशी मिळते :

```
const c = document.createElement("canvas").getContext("2d");
c.font = "20px Arial";
c.measureText("वारस नोंद").width
```

आलेला आकडा अंदाजच समजावा, कारण एरिअलमध्ये देवनागरी नसल्यामुळे प्रत्येक यंत्र आपापला फाँट वापरते. थोडी जागा राखून ठेवलेली बरी.

मजकूर कापला जातो तो शेवटाकडून, आणि मराठी वाक्याचा नेमका मुद्दा अनेकदा शेवटीच असतो. 'सातबारा उताऱ्यावर वारसांची नोंद करण्यासाठी नेमकी काय प्रक्रिया असते आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, जाणून घ्या' हे शीर्षक घ्या. वाचणारा कागदपत्रे शोधत आलेला असतो आणि टिंबांनी गिळलेला शब्द नेमका तोच असतो. 'जाणून घ्या' तर कोणत्याही शीर्षकाला चिकटवता येते, म्हणून ते कशाचेच नाही. 'सातबाऱ्यावर वारस नोंद : लागणारी कागदपत्रे' एवढ्यात विषय आणि आश्वासन दोन्ही येतात. मात्र पानात कागदपत्रांची यादी खरोखर हवी. नुसतीच प्रक्रिया असेल तर 'वारस नोंद कशी करावी' असेच म्हणावे. संकेतस्थळाचे नाव शेवटी जोडण्याची फारशी गरज नाही, कारण गूगल ते वेगळ्या ओळीत दाखवते.

नीट बसवलेले शीर्षकही जसेच्या तसे दिसेल याची खात्री नसते. ऑगस्ट 2021 मध्ये गूगलने शीर्षके ठरवण्याची नवी पद्धत आणली. `<title>` फार लांब, एकच शब्द घोळवणारे किंवा शिळे वाटले, तर पानावरचा मथळा, म्हणजे `<h1>`, उचलला जाऊ शकतो. मथळ्यात चालू वर्ष टाकले आणि `<title>`मध्ये गेल्या सालचेच राहिले, की हे संभवते. म्हणून दोन्हींत एकच आश्वासन असावे. शब्द थोडे वेगळे चालतात. पान अनुक्रमित झाल्यावर फोन आणि संगणक, दोन्हींवर शोधून ओळ प्रत्यक्ष पाहावी. ती `<title>`शी जुळत नसेल, तर आधी मथळा तपासावा.